लंकाबाई थांबली तिथं

वारूळवाडीची शीला काही सांगायला लागली, की तिची सासू प्रयागबाई हमखास म्हणते, "आदी दोन ओळी पाड बाई त्याच्या, मंग सांग." सासूचं टोमणे मारणं शीलाने कधीच मनावर घेतलं नाही. खोटं काय आहे त्यात? भाजीवाला बोलला तरी तिला त्याचं बोलणं हनुवटीखाली दोन ओळींत छापलेलं दिसतं. धंद्याची खोड म्हणायची आणि सोडून द्यायचं.

धंदा काय, हे निम्म्या आळीला अजून उमगलेलं नाही. पूर्वी ती नारायणगावात एका दुकानात लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स टाइप करायची, ते कळत होतं. आता घरी बसून कानाला हेडफोन लावते आणि दिवसभर एकच वाक्य पुढेमागे करत बसते, हे कसलं काम? तर पुण्याचा एक स्टुडिओ तिला फिल्म पाठवतो. पडद्यावरचं माणूस जे बोलतं ते ऐकायचं, लिहायचं, त्याचे तुकडे करायचे आणि ते तुकडे वेळ धरून पडद्याच्या तळाशी बसवायचे. ज्यांना ऐकू येत नाही, ते वाचतात. एका तुकड्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकात ओळी फार तर दोन, ओळीत अक्षरं चाळीसेक, आणि पाच-सहा सेकंदांत तो ब्लॉक गेला पाहिजे, पुढचा आला पाहिजे. आणि आपली माणसं बोलतात कशी? एकदा सुरू झाली की 'आन्' ला 'आन्' जोडत पार ओढ्यापलीकडे जाऊन थांबणार. ते सगळं त्या दोन ओळींच्या डबीत कोंबायचं.

कोंबायचं म्हणजे कुठंही तोडायचं नाही. वरच्या ओळीत 'माझ्या धाकट्या' आणि खालच्या ओळीत 'दिराची म्हैस', असं केलं की वाचणारा ठेचकाळला. 'सांगून' वर आणि 'टाकलं' खाली, हे तर पापच. 'म्हातारी गेली' एवढ्यावर ब्लॉक संपवून 'नाही' पुढच्या ब्लॉकात ढकललं, तर मधल्या वेळात वाचणाऱ्याच्या घरी रडारड. 'पण' आलं, 'म्हणून' आलं, की त्याच्या आधी तोडावं, म्हणजे खालची ओळ स्वतःच्या पायावर उभी राहते. कॉम्प्युटर आपोआपही तोडून देतो, पण त्याला काय, तो अक्षरं मोजतो आणि कोयता चालवतो. शीला ते सगळं पुसून टाकते आणि हाताने तोडते. तिचा सगळ्यात लाडका नियम एक: माणूस जिथं दम घेतं, तिथं तोड. तोंड थांबलं की अक्षर थांबलं पाहिजे. या नियमावर तिचा देवासारखा भरवसा होता. आणि त्याच नियमाने तिचं रक्त आटवलं.

झालं असं. दिवाळी उरकली आणि ऋषी नावाच्या पोराची फिल्म आली. शिनोलीच्या वर, डोंगरात जिथं डांबर संपतं, तिथल्या एका वाडीतल्या हिरडा गोळा करणाऱ्या माणसांची फिल्म. चैत्र-वैशाखात बाया-बापे झाडावर चढतात, कवळा हिरडा झोडपून खाली पाडतात, अंगणात वाळवतात, घोडेगावच्या बाजाराला नेतात. तिथं ऋषी उन्हाळाभर कॅमेरा घेऊन राहिला होता. बोलणं वाडीचंच ठेवायचं, शुद्ध करायचं नाही, असं त्याने आधीच बजावलं होतं. शीलाला ते आवडलं. 'म्हणत्यात' चं 'म्हणतात' करायला तिचा हातच गेला नसता.

फिल्मच्या शेवटाकडे लंकाबाई येते. साठीच्या पुढची, डोक्यावर पदर, ओट्यावर बसलेली. मागे वाळत घातलेला हिरडा. आवाज असा की वाटावं, बाई आपल्या शेजारी बसून पाटीतलं निवडतेय. तिचा मुलगा गोकुळ मिसरूड फुटायच्या वयात हिरड्याच्या झाडावरून पडून गेला, त्याला वीस-बावीस वर्षं झाली. ते ती सांगते. आणि मग ते वाक्य येतं.

"बापानं पोराला हिरड्यावर चढवलं म्हणून पोरगं गेलं," असं म्हणून लंकाबाई थांबते. चांगली थांबते. कॅमेऱ्याकडे बघत नाही, डावीकडे कुठंतरी बघते, पदराने तोंड पुसते. मग एका दमात पुढचं: "असं लोक म्हणत्यात, आन् ह्ये बी तसंच सांगत आले, पण ह्ये नको म्हणत व्हते आन् पोराला वर म्या धाडला."

लंकाबाईने सांगितलेली ही गोष्ट ऐकून शीलाने हेडफोन काढून ठेवला आणि पाणी पिऊन आली. नवऱ्याने आयुष्यभर बायकोची चूक स्वतःच्या अंगावर घेतली, आणि ती बाई आज उघड्यावर सांगतेय. गलबललं तिला. मग ती कामाला बसली. पहिला ब्लॉक: वर 'बापानं पोराला हिरड्यावर चढवलं', खाली 'म्हणून पोरगं गेलं'. 'म्हणून' च्या आधी तोडलेलं, दोन्ही ओळी नीट, आणि ब्लॉक संपतो तिथंच बाईने दम घेतलेला. इतकं चोख बसलेलं वाक्य महिन्यातून एखादं मिळतं. बाई गप्प आहे तेवढा वेळ पडदा ओका दिसू नये, म्हणून तिने तो ब्लॉक पुढचं बोलणं सुरू होईपर्यंत तसाच राहू दिला. पुढच्या ब्लॉकांत 'असं लोक म्हणत्यात' आणि राहिलेलं. स्टुडिओच्या रिवाजाप्रमाणे ब्लॉकच्या शेवटी स्वल्पविराम नाही. शीला स्वतःवर खूश झाली आणि फाइल पाठवून दिली.

"लंकाआजी आता नाहीत बरं का," फाइल मिळाल्यावर ऋषी फोनवर म्हणाला. "श्रावणात गेल्या. रात्री झोपल्या त्या उठल्याच नाहीत."

त्या दिवसापासून सुरू झालं.

शीला भित्री नाही. सासरच्या मळ्यात बिबट्या फिरतो, तरी ती एकटी गोठ्यात जाते. पण भरदुपारी मिक्सरमध्ये चटणी फिरवताना त्या घरघरीच्या आत कुणीतरी म्हणालं, "म्हणून पोरगं गेलं." तिने मिक्सर बंद केला. घरात कुणी नव्हतं. नवरा दादाभाऊ टेम्पो घेऊन मार्केटला, सासू देवळात. पुन्हा सुरू केला तर नुसती घरघर. दिवसभर कानात बसलेला आवाज आहे, जाईल, असं तिने स्वतःला समजावलं. असं पूर्वीही व्हायचं, एखाद्या पुढाऱ्याचं भाषण आठवडाभर डोक्यात वाजायचं. पण पुढारी बोलत सुटायचा. ही बाई थांबायची. दरवेळी तिथंच, 'पोरगं गेलं' वर. आणि मग गप्प. त्या गप्प बसण्याला वजन होतं. कुणीतरी दारात उभं आहे आणि आत ये म्हणायची वाट बघतंय, तसं वाटायचं.

कपडे वाळत घालताना, पोळी लाटताना, एकदा तर एसटीच्या स्टँडवर. शीला मनातल्या मनात पुढचे शब्द म्हणायला जायची, 'असं लोक म्हणत्यात', पण ते स्वतःच्याच आवाजात यायचे. लंकाबाईच्या आवाजात येईनात. ऐकलेलं सगळं वाक्य डोक्यात असायला हवं होतं, आणि निम्मंच राहिलं होतं. तिला झोप लागेना. ती सासूला काही बोलली नाही, पण प्रयागबाईने ओळखलं.

"कुणाचं काय ठिवून घेतलंस का?" म्हातारीने विचारलं.

"मी कुणाचं काय ठेवून घेणार?"

"मंग अशी का दिसतीस? देनं ऱ्हायल्यावानी."

शीला हसली आणि तिने विषय बदलला.

आणि मग एका सकाळी रत्नाचा फोन आला. शीलाने तिचं नावही ऐकलेलं नव्हतं. घोडेगावला पंचायत समितीत कॉम्प्युटरवर कामाला असते, लंकाबाईच्या भावाची मुलगी. नंबर ऋषीने दिलेला. नमस्कार नाही, काही नाही.

"आमच्या आत्याच्या तोंडाखाली अक्षरं तुमी टाकली का?"

"हो. का हो?"

"निम्मंच लिवलंय तुमी. निम्मं लिवून माणूस मारलाय."

रत्नाने मग सांगितलं ते असं. वाडीत फिल्म दाखवायच्या आधी घरच्यांनी बघावी, म्हणून ऋषीने तिला फोनवर पाठवली होती. घरचं माणूस आता एकच उरलंय, लंकाबाईचा नवरा भिमाजी. आत्याच्या नवऱ्याला रत्ना मामा म्हणते. मामा ठार बहिरा. पोरगं गेल्यावर लोकांची तोंडं चुकवायला तो खाली दगडखाणीवर कामाला गेला, तिथं सुरुंगांनी कान नेले. पण वाचता येतं. सावकाश, ओठ हलवत, पण येतं. रत्नाने त्याच्या हातात फोन दिला, आवाज बंदच ठेवला, त्याला काय करायचाय आवाज, आणि ती चहा टाकायला आत गेली. बाहेर आली तर फोन पालथा पडलेला. मामा उठून भिंतीवरचा आत्याचा फोटो उलटा करत होता.

"काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, मरतानाबी खोटं बोलली. एवढंच. तवापासून बोलत न्हाईत. फोटोपुढं दिवा लावायचे रोज, तो बंद. मी मागून ऐकलं ना सगळं, आत्या काय म्हणाली ते. मी पाटीवर लिवून दाखवलं त्यांना. तर म्हणाले, तू तिचीच पोरगी. तुज्या अक्षरातलं मला नगं. तिच्या तोंडाखाली लिवलंय ते म्या वाचलंय."

शीलाच्या तोंडून निघालं ते कुणाच्याही निघालं असतं. "अहो पण पुढच्या ब्लॉकमध्ये आहे ना ते. 'असं लोक म्हणत्यात', लगेच पुढे."

"फुडचं बघायला माणूस थांबला पायजे ना ताई," रत्ना म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता, थकलेला होता. "तुमच्या त्या बलाकात आत्या सरळ सांगतीय, बापानं चढवलं म्हणून पोरगं गेलं. आन् तेवढंच ऱ्हातंय तिथं, हलतच न्हाई. मामानं वीस वर्सं तिच्यासाठी लोकांचं ऐकून घेतलं. तिनं कधीतरी खरं बोलावं, एवढीच आस व्हती त्यांची. आता जेवतबी न्हाईत धड."

फोन ठेवल्यावर शीला खुर्चीत बसून राहिली. आणि दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात, तिच्या कानात लंकाबाई म्हणाली, "म्हणून पोरगं गेलं." आणि थांबली. आता शीलाला कळलं ती का थांबत होती. तिचं पुढचं बोलणं शीलाने कापून वेगळ्या डबीत ठेवलं होतं.

तिला स्वतःची लाज वाटली. नियमाची नाही, स्वतःची. तिने फिल्म पुन्हा लावली, डोळे मिटून ऐकली. 'पोरगं गेलं' म्हणताना बाईचा सूर खाली उतरतच नाही. वरच राहतो, लोंबकळत. ऐकणाऱ्या कुणालाही कळतं, बाईचं बोलणं संपलेलं नाही, अजून यायचंय. मग डोळे उघडून, आवाज बंद करून तेच बघितलं. सूर गेला, आणि राहिली ती दोन ओळींची, चारी बाजूंनी पुरी झालेली, बायकोने नवऱ्यावर केलेली फिर्याद. दम घेतला तिथं तिने तोडलं होतं, पण दम संपतो तिथं म्हणणं संपतंच असं थोडंच आहे. हे तिला कळायला एक म्हातारा उपाशी राहावा लागला.

दुरुस्ती म्हटली तर तीन शब्दांची. 'असं लोक म्हणत्यात' हे पुढच्या ब्लॉकातून उचलायचं आणि पहिल्या ब्लॉकाच्या खालच्या ओळीत बसवायचं. जागाही होती. वर 'बापानं पोराला हिरड्यावर चढवलं', खाली 'म्हणून पोरगं गेलं असं लोक म्हणत्यात'. चाळीसच्या आतच. शब्द बाईचेच, क्रमही बाईचाच. पण मग अक्षर तोंडाच्या पुढे पळतं. बाई अजून गप्प बसलेली आणि पडद्यावर तिचं पुढचं बोलणं आधीच छापून आलेलं. या धंद्यात हे कुणी करत नाही. तिने ऋषीला फोन लावला.

"अगं ताई, तीच तर फिल्मची जागा आहे," ऋषी म्हणाला. "ती थांबते, आपण हादरतो, मग ती पलटवते. तू आधीच सांगून टाकलंस तर उरलं काय?"

"ऐकणाऱ्याला उरतं की. त्याला तिचा सूर आहे. वाचणाऱ्याला काय आहे? त्याला फक्त मी आहे," शीला म्हणाली. मग तिने भिमाजीचं सांगितलं.

ऋषी पोरगा वाईट नव्हता, उन्हाळाभर त्याच म्हाताऱ्याच्या घरची भाकरी खाल्लेली. "आजी बोलत होत्या तो सगळा वेळ बाबा तिथंच बसलेले होते," तो हळूच म्हणाला. "कर तुला हवं तसं. मी स्टुडिओला सांगतो."

शीलाने ब्लॉक बदलला. शेवटचाही बदलला: वर 'पण ह्ये नको म्हणत व्हते', खाली 'आन् पोराला वर म्या धाडला'. बाईचं बोलणं संपल्यावर फिल्ममध्ये नुसतं झाड दिसतं, त्या झाडावरही तो तसाच राहू दिला. चित्र बदललं की अक्षर काढायचं, हा दुसरा नियमही गेला उडत. सावकाश वाचणाऱ्या माणसाला पुरलं पाहिजे, बाकी काही नाही.

पण फाइल पाठवून भागणार नव्हतं. म्हातारा पुन्हा फोन हातात घेणार नव्हता. "मी येते," तिने रत्नाला कळवलं. दादाभाऊने मंचरपर्यंत टेम्पोतून सोडलं, तिथून एसटीने घोडेगाव, तिथं रत्ना भेटली, आणि दोघी वर जाणाऱ्या गाडीत बसल्या. शिनोली मागे पडली. भात काढून झालेली खाचरं, भाऱ्यांच्या उडव्या रचलेल्या. शीला मांडीवर लॅपटॉप धरून बसली होती. रस्ताभर कानात काही आलं नाही. त्या गप्प राहण्याची तिला जास्त भीती वाटली.

भिमाजी ओट्यावर बसला होता. हाडं मोजून घ्यावीत असा माणूस. रत्नाने शीलाकडे बोट केलं, मग हवेत लिहिल्याची खूण केली. त्याला कळलं. तो उठून आत निघाला.

शीलाने पुढे होऊन त्याच्या पायांना हात लावला. ठरवून नव्हे, हात गेला. तो थांबला. तिने स्वतःकडे बोट केलं, मग कानांना हात लावून मान हलवली. चूक माझी. लॅपटॉपकडे बोट करून एक बोट वर केलं. एकदाच बघा.

"काय ऱ्हायलंय बगायचं," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाचं मोठ्याने, सपाट बोलणं. पण बसला. बाई लांबून आली होती, आणि घरी आलेल्या माणसाला तसं पाठवायची रीत नव्हती.

लॅपटॉप ओट्यावर ठेवला. शीलाने आवाज चालूच ठेवला. लंकाबाई तिच्याच ओट्यावर, तिच्याच घरासमोर बोलायला लागली, तशी रत्ना पदर तोंडाला लावून खांबाला टेकली. पहिला ब्लॉक आला. म्हाताऱ्याचे ओठ हलायला लागले. "बापानं. पोराला. हिरड्यावर. चढवलं." तिथं त्याची मान वळायला लागली. शीलाने काही न सुचून खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हणून. पोरगं. गेलं. असं. लोक." ओठ थांबले. "लोक. म्हणत्यात."

तो पडद्याच्या जवळ सरकला. पुढचा ब्लॉक आला, मग त्यापुढचा. पडद्यावर झाड आलं, आणि अक्षरं झाडावर राहिली. तो शेवटच्या ओळीपर्यंत पोचला आणि तिथंच राहिला. "वर. म्या. धाडला."



"येडी," भिमाजी म्हणाला. "सांगू नगं म्हणलं व्हतं मी. पोराच्या तेराव्याला शप्पत घातली व्हती माजी." मग रत्नाकडे बघून, "हे गावाला ऐकू जाईल?"

रत्नाने मान हलवली. जाईल.

त्याने नाकाचा शेंडा चोळला. रडत नव्हता. "जाऊ दे. तिला वाटलं आसल सांगावं." आणि मग शीलाला म्हणाला, "पुन्यांदा लाव. आन् ती अक्षरं काड खालची. वाचायच्या नादात मी तिला बगितलंच न्हाई."

शीलाने अक्षरं बंद केली. लंकाबाई पुन्हा बोलायला लागली, आता पायाशी अक्षरं नसलेली. म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत होता. ती थांबली. डावीकडे बघितलं. थांबलीच राहिली. किती वेळा शीलाने ती जागा पुढेमागे केली होती, तिच्या लेखी तिथं दम होता, रिकामा पडदा होता, ब्लॉक कुठं संपवायचा याची खूण होती.

"ती हिकडं बगतीय," भिमाजी म्हणाला. त्याने ओट्याच्या डाव्या टोकाकडे, उंबऱ्याजवळ बोट केलं. "तितं मी बसलो व्हतो. हिरडा निवडत."

लंकाबाई पडद्यावर अजून तिकडेच बघत होती. पदराने तोंड पुसत होती.

"मला इचारत आसल," तो म्हणाला, "बोलू का म्हणून. म्या मान वर केली न्हाई."

मग ती पुढचं बोलली, सगळं, एका दमात, तिच्या स्वतःच्या आवाजात. शीलाने ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. भिमाजीला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. तो उठला, आत गेला, आणि फोटो सरळ केल्याचा आवाज बाहेर आला. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला आणि उंबऱ्याजवळच्या त्या जागी बसला. "अजून एकदा लाव," तो म्हणाला, आणि या खेपेला त्याने मान आधीच वर करून ठेवली.